उंबरठ्यावरची मुलं – भाग ७ : आधी ऐकून तर घ्या

नववीच्या पालकसभेत शाळेची समुपदेशक म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलले. मूल हिरमुसून घरी आलं की त्याच्या पहिल्या वाक्याला आपण काय उत्तर देतो? तेच इथे सविस्तर मांडते.

मुलगी दप्तर कोपऱ्यात टाकते आणि म्हणते, "मी उद्या शाळेत जाणार नाही." आपल्या तोंडून लगेच निघतं, "असं कसं चालेल? परवा चाचणी आहे." नाहीतर, "थांब, मी बाईंनाच फोन करते." किंवा अगदी मायेने, "एवढं काय मनाला लावून घेतेस, होईल सगळं ठीक." अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस गॉर्डन यांनी १९६२ मध्ये पालकांसाठी वर्ग सुरू केले. संवादात अडथळा आणणाऱ्या बारा प्रकारच्या उत्तरांची यादी त्यांनी केली. हुकूम, धमकी, उपदेश त्यात आहेतच. पण सल्ला, कौतुक आणि धीर देणंही आहे. धीर देण्यात वाईट काय, असं पालकांना वाटतं. वाईट इतकंच की मुलीचं सांगून व्हायच्या आतच आपण विषय मिटवतो.

आणि शाळेत न जाणं हा खरा विषय बहुधा नसतोच. आई शेजारी बसून एवढंच म्हणाली, "आज फार त्रास झालेला दिसतोय," आणि गप्प राहिली, तर?

"त्यांनी मला ग्रुपमधून काढलं."

"मैत्रिणींनी? राग आला असेल ना."

"राग नाही गं. लाज वाटली. डबा खाताना मी एकटीच होते."

आईचा अंदाज चुकला, पण बिघडलं काहीच नाही; मुलीने तो स्वतःच दुरुस्त केला आणि खरी जखम दाखवली. बाईंना फोन गेला असता, तर दुसऱ्या दिवशी वर्गभर चर्चा झाली असती. तिला त्याचीच धास्ती होती. आता विचारावं, "यात मी काही करू, की नुसतं ऐकू?" ती "नुसतं ऐक" म्हणाली, तर तो शब्द पाळावा.

मात्र तिचं प्रत्येक वाक्य पोपटासारखं परत म्हणू नका, मुलांना ते लगेच कळतं. प्रश्नांची सरबत्तीही नको. "जाऊ दे, तुला नाही कळणार" असं ऐकू आलं, तर आपण घाई केली असं समजावं. तिथेच थांबून, "मी मध्येच बोलले. तू सांग," म्हणावं.

एका ठिकाणी नुसतं ऐकून भागत नाही. मारहाण, लैंगिक छळ, स्वतःला इजा करणं किंवा "जगावंसं वाटत नाही" असं काही कानावर आलं, तर शांतपणे, थेट विचारा, "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल, तर मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते, मराठीतही बोलता येतं. छळाची तक्रार असेल, तर चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे. हे दोन्ही आकडे आजच फोनमध्ये टिपून ठेवा.