सरदार बोलतो, कवी गप्प

रॉबर्ट ब्राउनिंगची ‘माय लास्ट डचेस’ (1842) ही कविता म्हणजे एकाच माणसाचं बोलणं. फेराराचा ड्यूक दुसऱ्या लग्नाची बोलणी करायला आलेल्या दूताला पहिल्या बायकोचं चित्र दाखवतो. चित्रावर पडदा आहे आणि तो सारण्याचा हक्क फक्त त्याचा. असल्या कवितेला नाट्यात्म एकभाषित म्हणतात: बोलणारा कवी नव्हे, समोर ऐकणारा कुणीतरी आहे, आणि कवी स्वतः अवाक्षर काढत नाही.

ड्यूक तक्रार सांगतो. बायको कशानंही खूश व्हायची! मावळतीचा उजेड, कुणी आणून दिलेली चेरीची डहाळी, पांढरं खेचर, आणि आपण दिलेलं नऊशे वर्षांचं घराणं, तिला सगळं सारखंच. तिला समजावणंही त्याला कमीपणाचं वाटलं. मग त्याने हुकूम दिले आणि तिचं हसू थांबलं. लगेच तो हुंड्याकडे वळतो.

त्याच्या मते हा तिच्यावरचा आरोप आहे. पण पुरावे निवडलेत कवीने, आणि त्यातला एकही तिच्याविरुद्ध जात नाही. आपल्याला दिसते ती एक मोकळ्या मनाची मुलगी. बोलण्याची कला आपल्याला नाही, असं ड्यूक म्हणतो तेही सफाईदार यमकांत. ते यमक त्याला ऐकू येत नाही, आपल्याला येतं.

हुकूम कसले, हे कवितेत नाही. पुढे विचारल्यावर ब्राउनिंगनेही आधी ठार मारण्याचे म्हटलं, मग कदाचित मठात कोंडण्याचे असतील, अशी पुस्ती जोडली.