चार आठवडे, चौदा पाठ : दहावीच्या इतिहास-राज्यशास्त्राची उजळणी

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या पाठ्यपुस्तकात इतिहासाचे नऊ आणि राज्यशास्त्राचे पाच पाठ आहेत. या दोन्हींची मिळून लेखी परीक्षा चाळीस गुणांची असते आणि वेळ दोन तास. भूगोलाची प्रश्नपत्रिका वेगळी. चाळीसपैकी २८ गुण इतिहासाचे आणि १२ राज्यशास्त्राचे.

पाठ चौदा असले तरी उजळणीसाठी त्यांचे बाराच गट करणे सोयीचे पडते. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा आणि भारतीय परंपरा हे पहिले दोन पाठ एकत्र घ्यावेत. दोन्हींचा गाभा व्यक्ती, ग्रंथ आणि विचार यांच्या जोड्या हाच आहे आणि परीक्षेत गोंधळही तिथेच होतो. शेवटचे दोन पाठ, म्हणजे पर्यटन आणि ऐतिहासिक ठेव्यांचे जतन, हेही एकमेकांना लागूनच आहेत. त्यामुळे इतिहासाचे सात गट आणि राज्यशास्त्राचे पाच असा बाराचा हिशेब जमतो. रोज एक गट घेतला आणि दर सातवा दिवस मोकळा ठेवला, तर दोन आठवड्यांत पहिली फेरी पुरी होते. बाकीचे विषयही असतात, त्यामुळे या विषयाला रोज तासाभरापेक्षा जास्त वेळ मिळेल असे धरू नये.

त्या तासात काय करायचे, यावर सगळे अवलंबून आहे. बहुतेक मुले पाठ पुन्हा वाचतात आणि ओळींखाली रेघा मारतात. वाचलेले ओळखीचे वाटते आणि पाठ झाला असा समज होतो. पण ओळखणे वेगळे आणि न बघता सांगता येणे वेगळे. रोडिगर आणि कार्पिके या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात हा फरक स्वच्छ दिसला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र उतारा बाजूला ठेवून आठवून लिहिणारे पुढे गेले. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो, म्हणून पुस्तक मिटून आठवणे हेच उजळणीचे मुख्य काम ठरते.

‘प्रसारमाध्यमे आणि इतिहास’ हा पाठ घेऊन हे कसे करायचे ते पाहू. पहिली वीस मिनिटे पाठ एकदा वाचायचा. मग पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचे, क्रमाने नसले तरी चालेल. वर्तमानपत्रांचा भाग लिहिताना कागदावर साधारण असे उतरते : हिकीचे ‘बेंगॉल गॅझेट’ १७८०, मराठीतले पहिले वर्तमानपत्र ‘दर्पण’, १८३२, भाऊ महाजन, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१. आता पुस्तक उघडून लाल पेनाने तपासले की चूक सापडते. ‘दर्पण’ बाळशास्त्री जांभेकरांचे, तर भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’. कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ तर कागदावर आलेलेच नाही.

चुकीची जोडी ओळखण्याचा प्रश्न नेमका अशाच जागी बोट ठेवतो. म्हणून ही चूक आणि गळलेले नाव एका वेगळ्या वहीत टिपायचे, तेही प्रश्नाच्या रूपात : डाव्या बाजूला ‘प्रभाकर कोणी काढले?’ आणि उत्तर पान दुमडून उजव्या बाजूला. बरोबर आलेले काही या वहीत लिहायचे नाही. पाठाचा सारांश सुंदर अक्षरात उतरवून काढण्यात तास जातो आणि हाती फारसे लागत नाही. दहावीच्या घरांत हा उद्योग फार चालतो. चुकांची वही पाठामागे अर्ध्या-पाऊण पानाची झाली तर ठीक. ती दोन-तीन पानांवर गेली, तर पाठ पहिल्यांदा नीट वाचलाच गेला नव्हता असे समजावे आणि तो मोकळ्या दिवशी पुन्हा घ्यावा.

पहिल्या फेरीत इतिहास आणि राज्यशास्त्र आलटून पालटून ठेवावे. पहिल्या दिवशी इतिहासलेखनाचा जड जोडपाठ, दुसऱ्या दिवशी संविधानाची वाटचाल, तिसऱ्या दिवशी भारतीय कलांचा इतिहास, चौथ्या दिवशी निवडणूक प्रक्रिया, असे. राज्यशास्त्र शेवटाला ठेवले की ते तिथेच राहते आणि बारा गुण घाईत सोडवावे लागतात. प्रत्येक गटाला तीन दिवसांनी दहा मिनिटे पुन्हा भेटायचे. म्हणजे चौथ्या दिवशी नवा पाठ सुरू करण्याआधी पहिल्या दिवसाच्या चुकांचे प्रश्न स्वतःला विचारायचे. जे आले त्यावर काट मारायची, जे आले नाही ते तसेच ठेवायचे. तीन दिवसांनंतर थोडे विसरलेले असणारच. आठवायला जरा ताण पडतो तेव्हाच गोष्ट पक्की बसते, म्हणून हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. सातव्या आणि चौदाव्या दिवशी नवे काही नाही. फक्त राहिलेले आणि वहीतले.

तिसऱ्या आठवड्यात पाठांचा क्रम सोडून प्रश्नप्रकारांचा क्रम धरावा. एक दिवस सगळ्या पाठांतल्या जोड्या, एक दिवस संकल्पनाचित्रे, एक दिवस टिपा, एक दिवस ‘सकारण स्पष्ट करा’, एक दिवस सविस्तर उत्तरे. सहावा दिवस राज्यशास्त्रातल्या ‘चूक की बरोबर ते सकारण’ या प्रश्नासाठी राखावा. गुण इथे सर्वांत फुकट जातात. ‘निवडणूक आयोग निवडणुकीच्या काळात आचारसंहिता लागू करतो’ हे विधान दिले, तर अनेक मुले ‘बरोबर’ लिहून तेच विधान शब्द फिरवून पुन्हा लिहितात. ते कारण नव्हे. शासन, पक्ष, उमेदवार आणि मतदारांनी काय पाळायचे हे आचारसंहिता ठरवते, सत्तेवर असलेल्या पक्षाला सरकारी यंत्रणेचा फायदा घेता येऊ नये आणि निवडणूक मोकळ्या वातावरणात व्हावी म्हणून ती असते, असे दोन-तीन मुद्दे आले की उत्तर पुरे होते. स्वतःचे उत्तर तपासताना एकच पाहावे : विधान झाकले तरी उरलेल्या वाक्यांतून काही नवे कळते का?

चौथ्या आठवड्यात एक दिवसाआड तीन पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्यात. या दिवसांना तासाऐवजी दोन तास काढावे लागतात. मधले दिवस तपासणीचे. तपासताना गुण गेले ते माहीत नव्हते म्हणून, की वेळ संपला म्हणून, हे वेगळे नोंदवावे. माहीत नसलेले वहीत जाते. वेळ संपत असेल तर बहुधा दोन गुणांच्या टिपेला पानभर लिहिलेले आढळते. तिथे चार-पाच ओळी बास. वाचलेला वेळ शेवटच्या सविस्तर उत्तरांना द्यावा.

आजारपण, लग्न, पाहुणे यांत तीन-चार दिवस जातातच. तेव्हा सगळे वेळापत्रक पुढे ढकलू नये. तिसऱ्या पेपरचा दिवस आणि मोकळे दिवस वापरावेत आणि बुडालेले गट वाचून एकदाच आठवून पाहावेत. ‘कोणतेही दोन’ म्हणणाऱ्या प्रश्नांत एखादा कच्चा पाठ खपून जातो. पर्याय निवडणे आणि चुकीची जोडी ओळखणे यांत तशी सवलत नसते, म्हणून घाईत घेतलेल्या पाठातली नावे, ग्रंथ आणि साल तेवढे आधी पक्के करावेत. परीक्षेआधीच्या शेवटच्या दोन दिवसांत नवा प्रश्नसंच उघडू नये. वहीत काट न मारलेल्या ओळी तेवढ्या उरलेल्या असतात आणि त्या दोन बैठकांत संपतात.