डाएटलाही सुट्टी हवी, पण ठरवून

समजा, ७८ किलो वजनाच्या एक बाई आहेत. वजन आहे तिथेच ठेवायला त्यांना रोज साधारण २००० कॅलरी लागायच्या. त्या १५०० वर आल्या आणि दहा आठवड्यांत ७४ किलोंवर पोचल्या. आता मात्र काटा हलेनासा झालाय, रात्री दहाला हात फरसाणाच्या डब्याकडे जातोय आणि गणपती आठवड्यावर आलेत. पुष्कळांचं डाएट अशाच वेळी मोडतं. त्याऐवजी त्यांनी दोन आठवडे ठरवून सुट्टी घ्यावी.

सुट्टी म्हणजे मनाला येईल ते खाणं नव्हे. वजन ना वाढेल ना घटेल, इतकंच खायचं. शरीर हलकं झालं की त्याची गरजही कमी होते, म्हणून या बाईंचा आकडा आता २००० नाही, १९०० धरायचा. म्हणजे रोज ४०० कॅलरी जास्त: दोन पोळ्या, वाटीभर भात आणि वर चमचाभर तूप. बाकी भाजी, डाळ, चालणं सगळं तसंच. उकडीचा मोदक खायचा असेल, तर तोही याच चारशेत बसवायचा.

पहिल्या तीन-चार दिवसांत वजन किलोभर वाढेल. घाबरू नये, ती चरबी नसते. पोळी-भातातली साखर स्नायूंमध्ये साठते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलं जातं. वजन तिथेच थांबलं तर हिशेब बरोबर. दुसऱ्या आठवड्यातही ते चढतच राहिलं, तर घास जास्त होताहेत.

याने चरबी झपाट्याने जळते का? ऑस्ट्रेलियात लठ्ठ पुरुषांवर झालेल्या ‘मॅटाडोर’ अभ्यासात दोन आठवडे डाएट, दोन आठवडे सुट्टी अशा गटाचं वजन सलग डाएट करणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. पण सलग गटाचे १६ आठवडे होते, तर सुट्टीवाल्यांना तेवढंच डाएट पुरं करायला ३० आठवडे लागले. पुढे व्यायाम करणाऱ्यांवरच्या अभ्यासात चरबी घटण्यात फरक दिसला नाही. सुट्टीत भूक मात्र कमी जाणवली. म्हणून सुट्टीचा भरवशाचा फायदा एवढाच: माणूस वैतागून डाएट सोडत नाही.

त्यामुळे महिनाभराच्या डाएटला सुट्टीची गरज नाही. आठ-दहा आठवडे झाले असतील, भूक आणि चिडचिड वाढली असेल किंवा लग्न, सण, प्रवास समोर असेल, तर ती जरूर घ्यावी. एकदा खायला लागल्यावर थांबताच येत नाही असं ज्यांचं होतं, त्यांनी आणि मधुमेहाची औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं.

आणि सुट्टी सुरू करण्याआधीच, ती कोणत्या सोमवारी संपणार ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.