साडेअकराची नोंद

तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या छोट्या कारखान्यात आज पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमच्या एक लाख गोळ्यांची बॅच आहे, असं समजू. कच्चा माल स्टोअरमधून निघण्याआधी क्वालिटी अ‍ॅशुरन्स, म्हणजे क्यूए विभाग, उत्पादन विभागाच्या हाती कागदांचा एक संच देतो. हा बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, कारखान्यातल्या बोलीत ‘बीएमआर’. मंजूर मूळ प्रतीची ही नक्कल असते. प्रत्येक पानावर बॅच नंबर आणि ‘पान इतक्यापैकी इतकं’ असा उल्लेख असतो. प्रत दिल्याची सहीही असते. त्यामुळे पान बिघडलं म्हणून गुपचूप नवं घालता येत नाही. औषध नियमांच्या ‘शेड्यूल एम’नुसार प्रत्येक बॅचची अशी नोंद ठेवावीच लागते.

पहिल्या पानांवर लाइन क्लिअरन्स असतं. आधीच्या औषधाची एकही गोळी किंवा लेबल खोलीत उरलेलं नाही, यंत्र स्वच्छ आहे, हे पाहून उत्पादन आणि क्यूए दोघं सह्या करतात. मग वजनं. एक लाख गोळ्यांना 50 किलो शुद्ध पॅरासिटामॉल हवं. पण आलेल्या मालाची तपासलेली शुद्धता 99 टक्के असेल, तर 50.505 किलो घ्यावं लागतं. हे गणित पानावरच मांडायचं. वजन करणारा एक, काटा आणि लेबल पाहणारा दुसरा. दोघांच्या सह्या वेगळ्या. स्टार्च वगैरे घटक मिसळून एकूण मिश्रण 58 किलो होतं, म्हणजे एका गोळीचं वजन 580 मिलिग्रॅम.

खरी परीक्षा गोळ्या पाडताना होते. यंत्र मिनिटाला 320 गोळ्या पाडतंय आणि दर अर्ध्या तासाने 20 गोळ्या एकत्र तोलायच्या आहेत. अपेक्षित वजन 11.60 ग्रॅम, कारखान्याने ठरवलेली मर्यादा 11.25 ते 11.95. तक्ता असा दिसतो:

वेळ 10.00 — 11.61 ग्रॅम
वेळ 10.30 — 11.58 ग्रॅम
वेळ 11.00 — 11.47 ग्रॅम
वेळ 11.30 — 11.22 ग्रॅम

अकराचा आकडा मर्यादेत होता, पण उतरता कल तेव्हाच दिसत होता. साडेअकराला मर्यादा ओलांडली गेली. यंत्र थांबवलं तेव्हा हॉपरमधले ग्रॅन्युल्स खूप खाली गेलेले आढळले; त्यामुळे साच्यात भरणा कमी होत होता. हॉपर भरून, वजन पुन्हा जुळल्यावर यंत्र सुरू झालं.

पण आधीच्या गोळ्यांचं काय? अकरा वाजता वजन बरोबर होतं, अशी सही आहे. म्हणून संशय फक्त त्यानंतरच्या अर्ध्या तासावर, म्हणजे सुमारे 9,600 गोळ्यांवर. त्या वेगळ्या डब्यात, लेबल लावून ठेवल्या गेल्या. अकराची नोंदच नसती, तर संशयाचं क्षेत्र साडेदहापर्यंत मागे गेलं असतं. शेवटी प्रयोगशाळेत जाणाऱ्या मोजक्या गोळ्यांवरून असा हलका तुकडा सापडेलच, याची खात्री नसते. म्हणून चाचणी चालू कामातच आणि नोंद त्याच क्षणी.

सहीचा अर्थही तेवढाच नेमका: ‘हे मी केलं’ किंवा ‘हे मी पाहिलं’, अमुक वेळी. आकडा चुकला तर एकच रेघ मारायची, जुना आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनरला बंदी. दिवसाअखेर बसून भरलेलं रेकॉर्ड अनुभवी निरीक्षकाच्या लगेच लक्षात येतं: सगळ्या वेळा काटेकोर, सगळी वजनं जवळपास सारखी, एकाच पेनाची शाई. शिवाय त्याच वेळी तीच व्यक्ती दुसऱ्या खोलीच्या लॉगबुकात सही करताना सापडते.

बॅच संपल्यावर हिशेब जुळवायचा. चांगल्या गोळ्या 51.60 किलो, बाजूला काढलेल्या 5.45, नमुने आणि फुटक्या गोळ्या 0.60. बेरीज 57.65, म्हणजे 58 पैकी 99.4 टक्के मालाचा ठावठिकाणा लागला. उरलेला भुकटीत गेला. चांगल्या मालाचं प्रमाण मात्र 89 टक्केच. ते कमी का, याचं उत्तर साडेअकराच्या नोंदीत आहे. चांगल्या गोळ्या 57 किलो भरल्या असत्या, तर मात्र बाजूला काढलेला डबा परत मिसळला गेला का, हे क्यूएला विचारावं लागलं असतं.

बाजूला काढलेल्या गोळ्या टाकायच्या की एकेक तोलून निवडायच्या, हा निर्णय क्यूए लेखी कारणासह घेतं. त्यानंतरच शेवटच्या पानावर क्यूएची सही होते. ती होईपर्यंत 51.60 किलो चांगल्या गोळ्यासुद्धा बाजारात जाऊ शकत नाहीत.