ग्रॅच्युइटीचा हिशोबाचा कागद कसा वाचावा?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातील खासगी विनाअनुदानित शाळांतून निवृत्त होणाऱ्या शिक्षिका-शिक्षकांच्या हाती ग्रॅच्युइटीचा कागद येतो आणि बहुतेक जण शेवटची रक्कम पाहून सही करतात. आम्ही शिक्षक मंडळी मुलांना गणित शिकवतो, पण हे गणित मात्र ताडून पाहत नाही.

खासगी शाळेतील शिक्षकांना हा हक्क उशिरा मिळाला. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत असे म्हटले. संसदेने 2009 मध्ये व्याख्या बदलली आणि तो बदल 3 एप्रिल 1997 पासून लागू केला. शाळांच्या संघटना न्यायालयात गेल्या, पण ऑगस्ट 2022 मध्ये हा बदल वैध ठरला.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, वसमतच्या एका शाळेतील बाजी 15 जून 1998 रोजी रुजू झाल्या आणि 31 जानेवारी 2024 रोजी निवृत्त झाल्या. नेमणूकपत्रावर 'जि. परभणी' असेल, कारण हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्याने सेवेत काही फरक पडत नाही. सेवा भरते 25 वर्षे आणि साडेसात महिने. शेवटचे महिने सहापेक्षा जास्त असले की पूर्ण वर्ष धरतात, म्हणून 26 वर्षे. प्रसूती रजेमुळे सेवा खंडित होत नाही.

2024 मधील नियमानुसार शेवटचा पगार पाहताना मूळ वेतन आणि महागाई भत्ता एवढेच घेत असत. घरभाडे भत्ता धरत नसत. मूळ 26,000 आणि महागाई भत्ता 13,000, मिळून 39,000 रुपये. याला 26 ने भागले की एका दिवसाचे 1,500 आणि 15 दिवसांचे 22,500 रुपये. त्याला 26 वर्षांनी गुणले की 5,85,000 रुपये.

कागदावर भागाकार 30 ने केला असेल आणि वर्षे 25 धरली असतील, तर रक्कम 4,87,500 येते. म्हणजे 97,500 रुपये कमी. म्हणून आधी या दोन जागा तपासाव्यात.

करमाफीसाठी तीन आकडे पाहतात: प्रत्यक्ष मिळालेली रक्कम, वरच्या सूत्राची रक्कम आणि 20 लाख. यातील सर्वात लहान रकमेवर कर नाही. बाजींचे 5,85,000 पूर्ण करमुक्त. संस्थेने खुशीने 6,50,000 दिले, तर वरचे 65,000 उत्पन्नात धरले जातात. 20 लाखांची मर्यादा संपूर्ण आयुष्यासाठी एकच आहे. पूर्वीच्या नोकरीत घेतलेली करमाफी त्यातून वजा होते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचा हिशोब वेगळ्या नियमांनी होतो आणि त्यांची ग्रॅच्युइटी पूर्ण करमुक्त असते.

रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत मिळायला हवी. हिशोब चुकला असेल तर आधी संस्थेला लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तरीही दाद लागली नाही, तर कामगार विभागातील संबंधित प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. त्यासाठी नेमणूकपत्र आणि शेवटची पगारपावती घरात जपून ठेवावी.