पाटीमागचा मालक

साखळी दुकानाची पाटी मालकाचं नाव सांगत नाही, ती ब्रँडचं नाव सांगते. एकाच शहरातल्या दोन शाखांमध्ये रंग, गणवेश, मेनू आणि भाव सारखेच असतात. तरी एक कंपनीची स्वतःची असते आणि दुसरी गावातल्या एखाद्या भागीदारी फर्मने फ्रँचायझी घेऊन चालवलेली असते. गिऱ्हाईकाला फरक दिसू नये अशीच फ्रँचायझी करारांची रचना असते. बिघडलेलं अन्न, नाकारलेला परतावा किंवा थकलेला पगार यांवर दाद मागायची वेळ आली की मात्र नोटीस नेमकी कोणाच्या नावाने काढायची, इथेच अडतं. फ्रँचायझी चालकाची चूक असताना फक्त ब्रँडला ओढलं, तर करारात जबाबदारी फ्रँचायझीवर टाकली आहे, असं उत्तर येतं आणि त्यात महिने जातात.

याचा सगळ्यात स्वस्त पुरावा म्हणजे बिल. जीएसटी नियमांतला ४६वा नियम सांगतो की कर-बिलावर पुरवठादाराचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवा. म्हणून वर ब्रँडचं चिन्ह कितीही मोठं छापलं, तरी खाली बारीक अक्षरांत विक्रेत्याचं कायदेशीर नाव येतं. कधी ‘अमुकतमुकचे युनिट’ असा उल्लेख असतो, तर कधी फक्त पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक. हा क्रमांक वाचता आला, तर निम्मं काम दुकानाच्या दारातच होतं.

समजा, पुण्यातल्या एका रस्त्यावर एकाच आइस्क्रीम साखळीच्या दोन शाखा आहेत. पहिल्या बिलावर 27ABCFS1234K1Z7 आहे आणि दुसऱ्यावर 27ABCCM4322P1Z6. दोन्ही क्रमांक केवळ उदाहरणासाठी रचलेले आहेत. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र; गोव्यात तिथे 30 असतं. पुढची दहा अक्षरं म्हणजे विक्रेत्याचा पॅन. त्यानंतरचा आकडा त्या पॅनवर त्या राज्यात घेतलेली कितवी नोंदणी आहे ते दाखवतो. शेवटून दुसऱ्या जागी सहसा Z असतो आणि शेवटचं अक्षर पडताळणीचं असतं. क्रमांक चुकीचा टिपला गेला तर तेच चूक उघडी पाडतं.

खरं गुपित पॅनच्या चौथ्या अक्षरात आहे. P असेल तर मालक एकटी व्यक्ती, H असेल तर हिंदू अविभक्त कुटुंब, F असेल तर भागीदारी फर्म किंवा एलएलपी, C असेल तर कंपनी. पाचवं अक्षर व्यक्तीच्या बाबतीत आडनावाचं पहिलं अक्षर असतं आणि संस्थेच्या बाबतीत तिच्या नावाचं. पहिल्या बिलात चौथं अक्षर F आणि पाचवं S आहे. म्हणजे ती S पासून सुरू होणाऱ्या नावाची फर्म आहे. साखळी चालवणारी कंपनी वेगळ्या नावाची असेल, तर ही शाखा जवळपास नक्की फ्रँचायझी. दुसऱ्या बिलात C आणि M आहेत. ब्रँडच्या मूळ कंपनीचं नाव M ने सुरू होत असेल, तर शंका बरीच दूर होते. पण पूर्ण नाही, कारण फ्रँचायझी घेणाराही कंपनी काढू शकतो. शिवाय कंपनीने नाव बदललं तरी पॅन तोच राहतो, त्यामुळे पाचवं अक्षर जुन्या नावाचं असू शकतं.

उरलेली खात्री जीएसटीच्या संकेतस्थळावर करता येते. तिथे `Search Taxpayer` मध्ये क्रमांक टाकला की `Legal Name of Business` आणि `Trade Name` या दोन वेगळ्या ओळी दिसतात. फ्रँचायझी शाखेत दुसऱ्या ओळीत कधी ब्रँडचं नाव असतं आणि पहिल्या ओळीत खऱ्या मालकाचं. एकल मालकी असेल तर पहिल्या ओळीत त्या माणसाचंच नाव येतं. `Constitution of Business` ही ओळ फर्म, कंपनी की एकल मालकी ते स्पष्ट सांगते. नोंदणीची तारीखही बघावी. साखळी राज्यात दहा वर्षं असताना नोंदणी गेल्या वर्षीची असेल, तर शाखा नव्या हातात गेल्याचा तो एक संकेत असतो.

याहून सोपी खूणही आहे. काही शाखांच्या बिलावर कर लावलेलाच नसतो आणि विक्रेता कंपोझिशन योजनेतला असल्याने कर आकारू शकत नाही, अशी ओळ असते. ही योजना वर्षाला दीड कोटी रुपयांपर्यंतच्या उलाढालीसाठी आहे आणि उलाढाल मोजताना एका पॅनखालची सगळी दुकानं एकत्र धरली जातात. मोठ्या साखळीची मूळ कंपनी या मर्यादेत बसूच शकत नाही. म्हणून तशी ओळ दिसली की ती शाखा फ्रँचायझीची आहे, यात संशय उरत नाही.

बिल फसवतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे घरपोच मागवलेलं जेवण. १ जानेवारी २०२२ पासून अॅपवरून मागवलेल्या उपाहारगृहाच्या जेवणावरचा जीएसटी अॅप चालवणारी कंपनी भरते. त्या बिलावरचा क्रमांक अॅपचा असेल, तर त्यातून स्वयंपाकघराच्या मालकाचा पत्ता लागत नाही. अशा वेळी अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा अंकी क्रमांक कामी येतो. तो अॅपवर शाखेच्या पानाच्या तळाशी दाखवलेला असतो आणि १ जानेवारी २०२२ पासूनच बिलावरही सक्तीचा आहे. जीएसटी क्रमांक एका राज्यातल्या सगळ्या शाखांना एकच असू शकतो, पण अन्नपरवाना प्रत्येक जागेसाठी वेगळा लागतो. म्हणून FoSCoS या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की त्या विशिष्ट जागेचा परवानाधारक समोर येतो. पहिला अंक 1 असेल तर परवाना आणि 2 असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. 2 ने सुरू होणारा क्रमांक मोठ्या साखळीच्या पाटीखाली दिसला, तर मालक स्थानिक आहे हे जवळपास ठरलं.

दुसरी फसगत धंद्याच्या भाषेत ‘फोको’ म्हणतात त्या पद्धतीत होते. यात जागा आणि गुंतवणूक फ्रँचायझीची असते, पण दुकान चालवते कंपनी. माल आणि बिलिंग कंपनीचं असतं आणि गुंतवणूकदाराला ठरलेला हिस्सा मिळतो. कपड्यांच्या आणि चपलांच्या साखळ्यांत याच्या जवळपास जाणारे करार असतात. माल कंपनीच्याच मालकीचा राहतो आणि फ्रँचायझीला विक्रीवर कमिशन मिळतं. तिथे बिल कंपनीचा पॅन दाखवतं आणि ते खरंही असतं, कारण कायद्याने विक्रेता तीच आहे. गिऱ्हाईकाच्या तक्रारीला एवढं पुरतं. दुकानात कोणाचा पैसा अडकला आहे, ते मात्र बिल सांगत नाही.

पैशाचा मालक आणि बिलावरचा मालक यांच्यातलं अंतर सगळ्यात स्पष्ट दिसलं ते मॅकडोनाल्ड्सच्या भारतातल्या भांडणात. १९९५ साली या अमेरिकी कंपनीने भारतात दोन भागीदार निवडले. उत्तर आणि पूर्वेसाठी विक्रम बक्षी यांच्यासोबत कॅनॉट प्लाझा रेस्टॉरंट्स ही निम्म्या-निम्म्या मालकीची कंपनी उभी राहिली. पश्चिम आणि दक्षिणेसाठी अमित जटिया यांची हार्डकॅसल रेस्टॉरंट्स होती. १९९६च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीतल्या वसंत विहारची शाखा सुरू झाली आणि पाठोपाठ मुंबईत वांद्र्याची. दोन्हीकडे पिवळ्या कमानी तशाच होत्या. पुढे २०१० मध्ये पश्चिमेकडचा निम्मा हिस्सा मॅकडोनाल्ड्सने जटियांना विकला, म्हणजे वांद्र्याच्या कमानीखाली अमेरिकी भांडवल उरलं नाही. गिऱ्हाईकांना हे कळण्याचं काहीच कारण नव्हतं.

उत्तरेत ऑगस्ट २०१३ मध्ये बक्षींना व्यवस्थापकीय संचालकपदी पुन्हा नेमलं गेलं नाही आणि प्रकरण कंपनी न्यायासनापुढे गेलं. जून २०१७ च्या अखेरीस दिल्लीतल्या ५५ पैकी ४३ शाखा बंद झाल्या, कारण उपाहारगृहाच्या परवान्यांचं नूतनीकरण झालं नव्हतं. मुंबई-पुण्यातल्या शाखांवर मात्र या बंदचा परिणाम झाला नाही, कारण त्यांचे परवाने वेगळ्याच कंपनीचे होते. त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने बक्षींना पदावर परत आणलं, तर ऑगस्टमध्ये मॅकडोनाल्ड्सने १६९ शाखांचा करार रद्द केला. ब्रँडच्या मालकाने नाव वापरण्याचा हक्क काढून घेतल्याचं जाहीर केलं होतं आणि त्याच नावाखाली बर्गर विकले जात होते. या काळात दिल्लीत दुकानात शिरणाऱ्याला पाटी अपुरी नव्हे, दिशाभूल करणारी माहिती देत होती.

मे २०१९ मध्ये तडजोड झाली. मॅकडोनाल्ड्सने बक्षींचा हिस्सा विकत घेतला आणि कॅनॉट प्लाझा पूर्णपणे अमेरिकी कंपनीच्या ताब्यात गेली. २०२० च्या सुरुवातीला एमएमजी समूहाचे संजीव अग्रवाल नवे भागीदार म्हणून पुढे आले. म्हणजे दिल्लीतली एकच शाखा आधी निम्मी फ्रँचायझी, मग पूर्ण कंपनीची आणि नंतर पुन्हा भागीदाराकडे, अशा तीन अवस्थांतून गेली. या सगळ्या काळात शाखा चालवणारी कंपनी तीच राहिली, फक्त तिचे समभाग हात बदलत गेले. समभागांच्या अशा खरेदीविक्रीने कंपनीचा पॅन बदलत नाही, म्हणून ही उलथापालथ बिलावर उमटत नाही.

बिलावरच्या कंपनीच्या मागे कोण उभं आहे हे पाहायला कंपनी व्यवहार मंत्रालयाचं संकेतस्थळ लागतं. कंपनीची मूळ माहिती आणि संचालकांची नावं तिथे फुकट दिसतात. समभाग कोणाकडे किती आहेत हे कळण्यासाठी `MGT-7` हे वार्षिक विवरण काढावं लागतं. शंभर रुपये भरले की त्या कंपनीची सार्वजनिक कागदपत्रं ठरावीक वेळ पाहता येतात. त्यातल्या धारक आणि उपकंपन्यांच्या तक्त्यावर थेट जावं. विवरण वर्षातून एकदाच भरलं जातं, त्यामुळे ताजा बदल त्यात दिसत नाही. सूचीबद्ध कंपनी असेल तर शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीचा समभागधारणेचा तक्ता मिळतो. भागीदारी फर्म असेल आणि ती नोंदलेली असेल, तर राज्याच्या भागीदारी संस्था निबंधकाकडे भागीदारांची नावं मिळतात. एकल मालकीत मात्र शोध जीएसटीच्या पहिल्या ओळीवरच संपतो.

अमेरिकेत हे काम इतकं उलटसुलट करावं लागत नाही. तिथे फ्रँचायझी विकणाऱ्याला भावी खरेदीदारापुढे एक मोठं प्रकटीकरण ठेवावं लागतं. त्याच्या विसाव्या कलमात कंपनीच्या मालकीच्या आणि फ्रँचायझीच्या शाखांची संख्या राज्यवार येते आणि सध्याच्या फ्रँचायझीधारकांची नावं व पत्तेही जोडावे लागतात. कॅलिफोर्निया आणि विस्कॉन्सिन ही राज्यं अशी कागदपत्रं लोकांना पाहू देतात. भारतात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही आणि ही उणीव मोठी आहे. जीएसटीचा १८वा नियम मात्र आत्ताही सांगतो की नोंदणीचं प्रमाणपत्र धंद्याच्या प्रत्येक ठिकाणी दर्शनी भागात लावावं आणि क्रमांक प्रवेशद्वाराच्या पाटीवर लिहावा. तो पाळला गेला नसेल, तर बिल मागून घ्यावं आणि फोटो काढून ठेवावा. बरीच बिलं थर्मल कागदावर छापलेली असतात आणि त्यांवरची अक्षरं काही महिन्यांत पुसट होतात. ग्राहक आयोगापुढे जाताना बिलावरचं कायदेशीर नाव आणि ब्रँडची कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रारदाराला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातच तक्रार नोंदवता येते, त्यामुळे ब्रँडचं मुख्यालय दूर असल्याने अडत नाही.