दुभाजक फक्त गुणोत्तर सांगतो

त्रिकोणाचा कोन दुभागणारी रेषा समोरच्या बाजूचेही दोन सारखे भाग करते, असा समज अनेकांचा असतो. तसे फक्त कोनालगतच्या दोन्ही बाजू समान असतील तरच घडते. एरवी समोरची बाजू लगतच्या बाजूंच्या गुणोत्तरात विभागली जाते. युक्लिडने हे सहाव्या पुस्तकाच्या तिसऱ्या विधानात सिद्ध केले आहे.

समजा, त्रिकोण अबक मध्ये कोन अ चा दुभाजक बाजू बक ला ड मध्ये छेदतो. बड ४ सेंमी, डक ६ सेंमी आणि परिमिती २५ सेंमी आहे. अब आणि अक किती?

नुसत्या ४ आणि ६ वरून उत्तर मिळत नाही; त्यातून अब : अक = २ : ३ एवढेच कळते. इथे परिमिती कामी येते. बक १० सेंमी, म्हणून उरलेल्या दोन बाजूंची बेरीज १५. तिचे पाच भाग केले की अब ६ आणि अक ९ सेंमी. ब कडचा तुकडा अब शीच जोडायचा; इथे अदलाबदल झाली की उत्तरे उलटतात.

परिमिती १८ दिली असती तर? आकडेमोड बिनतक्रार ३.२ आणि ४.८ देते. पण त्यांची बेरीज ८, तिसरी बाजू १०. असा त्रिकोण काढताच येत नाही.